अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटे

दुपारी कपाट आवरताना एक जुनी लग्नपत्रिका सापडली. शालिवाहन शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मिती मार्गशीर्ष शुद्ध ५, शुक्रवार दि. ६ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ११ वाजून ४३ मिनिटे. आवरणं तिथेच थांबलं. वार आणि तारीख जुळतात का ते पाहिल्याशिवाय पत्रिका खाली ठेवायची नाही, ही खोड मला आजोबांकडून आली.

आजोबा पत्रिका आली की चष्मा लावून पंचांग घेऊन बसत. कोणाचं लग्न, हे नंतर. आधी तारखेवर वार बरोबर आहे का, मग त्या वारी ती तिथी आहे का. छापखान्यात ६ चा ९ झाला तर तारीख एकटी काहीच बोलत नाही, पण शेजारचा शुक्रवार लगेच चुगली करतो. म्हणून वार गाळलेली पत्रिका त्यांच्या लेखी अर्धवट. हल्ली मोबाइलवर येणाऱ्या पत्रिकेत तर सालही नसतं. ती दोन वर्षांनी कोणी पुढे पाठवली, तर बिचारा पाहुणा हॉलच्या दाराशी उभा.

तिथीचं मात्र जरा वेगळं. सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसभराची म्हणून छापतात, पण ती दिवसभर टिकेलच असं नाही. या शुक्रवारी पंचमी दुपारी बाराच्या सुमारास संपत होती. त्रेचाळीसचा मुहूर्त पंचमीत बसला. हेच लग्न गोरज मुहूर्तावर असतं तर षष्ठी लागून गेली असती, आणि पत्रिकेवर तरी शुद्ध ५ च राहिली असती.

खरी पंचाईत रात्रीच्या मुहूर्ताची. लहानपणी घरी अशी एक पत्रिका आली होती, ‘शुक्रवारी रात्री १२ वाजून ३५ मिनिटे’. आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “भटजींचा वार उजाडल्यावर बदलतो, छापखान्याचा मध्यरात्री. आता हा शुक्रवार कोणाचा?” भटजींचा असेल तर शुक्रवारचं जेवण आटोपून निघायचं. छापखान्याचा असेल तर गुरुवारीच. पंचांग उघडलं, पण तिथीही सूर्योदयाला बांधलेली, तीही भटजींच्याच बाजूची. छापणाऱ्याच्या मनात काय होतं ते ती कुठून सांगणार? शेवटी आजोबांनी पोस्टकार्ड टाकलं, “शुक्रवारी जेवून निघावे की गुरुवारी?” त्यापेक्षा ‘शुक्रवार दि. ६ ची उत्तररात्र, म्हणजे शनिवार दि. ७ उजाडण्यापूर्वी’ एवढं छापलं असतं तर कार्डाचे पैसे वाचले असते.

त्रेचाळीस हा आकडा कुठून येतो, हेही मला त्यांनीच दाखवलं. पूर्वी मुहूर्त सूर्योदयापासून घटकांत मोजत. पाण्यावर तरंगणारी, तळाला बारीक भोक पाडलेली वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. समजा सूर्य ६ वाजून ५५ मिनिटांनी उगवला आणि मुहूर्त बारा घटकांवर आहे. बारा चोवीसे २८८, म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. बरोबर ११.४३. त्यात गोम अशी की डिसेंबरात नागपूरला सूर्य पुण्याआधी साधारण पंधरा-सोळा मिनिटं उगवतो. नुसत्या घटका लिहिल्या तर कुठल्या गावच्या, हेही लिहावं लागेल. घड्याळाच्या वेळेनं ते भांडण मिटवलं.

एवढं सगळं अचूक छापूनही एक गैरसमज उरतोच. ११.४३ ही लग्न सुरू व्हायची वेळ नव्हे. त्या क्षणी अंतरपाट दूर व्हायचा असतो. मंगलाष्टकं त्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सुरू झालेली असतात, त्यामुळे बरोबर त्रेचाळीसला मांडवाच्या दारात पोचलेल्या वक्तशीर माणसाच्या हातात अक्षता येतात त्या टाकून झालेल्या. पत्रिकेत खाली ‘कृपया ११.१५ पर्यंत उपस्थित राहावे’ एवढी ओळ का घालत नाहीत, कळत नाही.

आत भटजींची वेगळीच कसरत चाललेली असते. एखादी आत्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं गाते, त्यात दोन्हीकडच्या माणसांची नावं, आणि काका राहिले म्हणून आणखी एक कडवं. भटजींची नजर मनगटावर. चाळीस, एकेचाळीस. आत्या डोळे मिटून वरच्या पट्टीत. शेवटी त्यांनी तिच्या श्वासाची वाट पाहिली आणि ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं. माझ्या घड्याळात पंचेचाळीस झाले होते, पण माझं घड्याळ जरा पुढेच असतं.