आईचा सूर पांढरी पाच

"मला कशाला हवाय तानपुरा? मोबाइलवर वाजतो की!" आई हे इतकी वर्षं म्हणत आली की आम्हा दोघा भावांना ते खरंच वाटायला लागलं होतं. लग्नाआधी ती संगीत विशारद झाली, पण रियाज केला तो गुरुजींच्या घरच्या तानपुऱ्यावर. स्वतःचा तिच्याकडे कधी नव्हताच. गेल्या वर्षी एका मैफलीनंतर ती व्यासपीठाजवळ गेली, गवसणीत जाणाऱ्या तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हलकेच हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. दादाने ते पाहिलं. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "आपण घ्यायचा."

दोघांच्याही पगारातून एकदम तेवढी रक्कम निघणार नव्हती. दादाच्या नावावर बँकेत आवर्त ठेव उघडली आणि दोघांनी महिन्याला दीड-दीड हजार टाकायचं ठरवलं, म्हणजे वर्षाचे 36 हजार. माझा हप्ता दोनदा चुकला तेव्हा दादानेच भरला. ती उसनवारी मी पुढे दिवाळीच्या बोनसमधून फेडली.

मुदत संपायला तीन महिने असताना आम्ही मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. तंतुवाद्यांचं काम तिथे पिढ्यान्पिढ्या चालतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आईंचा सूर कोणता?" मी ऐटीत सांगितलं, "काळी पाच." म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी हा तिचा षड्ज. तिच्या जुन्या वहीत तसं लिहिलेलं मी वाचलं होतं. त्यांनी विचारलं, "वही केव्हाची?" चाळीस वर्षांपूर्वीची, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. वयाबरोबर सूर खाली येतो. काळी पाचसाठी जोडलेला तानपुरा खाली उतरवला तर तारा सैल पडतात आणि आवाजातला जीव जातो. उलट खालच्या सुरासाठी लावलेल्या जाड तारा वर चढवल्या तर तुटायची भीती. म्हणून सूर आधी पक्का हवा, तारांची जाडी त्यावरून ठरते. "आईंचं आत्ताचं गाणं ऐकवा," ते म्हणाले.

आता आईला न सांगता तिचं गाणं कसं मिळवायचं? रोज सकाळी देवपूजेच्या वेळी ती अभंग म्हणते, तेही मोबाइलचा तानपुरा न लावता, आपल्या मनाच्या सुरात. दुसऱ्या रविवारी मी देवघराबाहेर पेपर वाचत बसलो, फोन मांडीवर पालथा ठेवून. पुढच्या खेपेला कारागिरांनी ते रेकॉर्डिंग हार्मोनियमवर ताडून पाहिलं. पांढरी पाच. काळी पाचपेक्षा तीन स्वर खाली. त्या खोलीत आईचा आवाज ऐकताना दादा खिडकीबाहेर बघत होता.

तानपुरा जवळजवळ तयार होता. भोपळा आधीच वाळून पक्का झालेला, दांडी तुणीच्या लाकडाची. राहिलं होतं ते जवारीचं काम, आणि ते त्यांनी आमच्यासमोर केलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग कानशीने केसभर घासायचा, तारा चढवायच्या, छेडायच्या, उतरवायच्या, पुन्हा घासायचं. मग प्रत्येक तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा चुकीच्या जागी असला की तार ठक्क वाजून थांबते. नेमक्या जागी आला की तोच आवाज उमलतो आणि लांबवर घुमत राहतो. आम्हाला त्यांनी एक खूण शिकवली : मधल्या दोन्ही जोडाच्या तारा एकेक छेडून बघायच्या, दोघींचा घुमारा सारखाच लांबला पाहिजे. आणि शेवटची खर्जाची तार छेडून कान दिला तर त्यातून आपोआप गंधार ऐकू आला पाहिजे. तो मला ऐकू यायला अर्धा तास लागला, पण आला.

तानपुरा 31 हजार, कडक पेटी साडेचार हजार. नेताना सगळ्या तारा सैल केल्या, कारण वाटेत धक्के बसले की ताणलेल्या तारांचा भार भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर येतो. गाडीच्या मागच्या सीटवर पेटी आडवी ठेवून मी शेजारी बसलो आणि घरापर्यंत भोपळ्याच्या बाजूला हात धरून होतो.

आईने पेटी उघडली. "अरे, कशाला एवढा खर्च," एवढंच म्हणाली आणि पदराला हात पुसत खाली बसली. खुंट्या पिळून तिने एकेक तार चढवली. पंचम, जोड, दुसरा जोड, खर्ज. एकदा छेडली, डोळे मिटले.

"दुसरा जोड जरासा उतरलाय," ती म्हणाली, आणि बोटाने घोडीखालचा मणी किंचित सरकवला.