एकच संदेश, दोन कारणे

पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेचे रेकॉर्डिंग विद्यापीठाच्या पोर्टलवर काही केल्या चढत नाही, ही तक्रार घेऊन आमच्या महाविद्यालयातील एक संशोधक विद्यार्थिनी पावसाळ्यातल्या एका सकाळी संगणक प्रयोगशाळेत आली. मी तिथे तांत्रिक सहायक म्हणून काम करतो. तिचा विषय रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीतील कांदळवन आणि तिथल्या चिखलात राहणारे खेकडे असा होता. बाहेरगावचे परीक्षक दूरस्थ पद्धतीने जोडले गेल्यामुळे संपूर्ण मौखिकीचे स्क्रीन रेकॉर्डिंग तिने स्वतःच्या लॅपटॉपवर ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरने केले होते. विद्यापीठाची अट साधी होती : फाइल एमपी४ स्वरूपात असावी आणि तिचा आकार ५०० एमबीच्या आत असावा. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

अट तिने वाचली नव्हती असे नाही. रेकॉर्डिंगची फाइल .mkv होती आणि पोर्टलवरच्या फाइल निवडण्याच्या चौकटीत ती दिसतच नव्हती, म्हणून तिने नावातले शेवटचे तीन अक्षर-अंक बदलून .mp4 केले. लगेच फाइल निवडता आली, अपलोड सुरू झाले आणि शेवटी `Upload failed. Please try again.` एवढाच संदेश आला. फाइल मोठी आहे हे ओळखून तिने एका कन्व्हर्टरमधून १०८०पी ऐवजी ४८०पी अशी प्रत काढली, तर चित्र धूसर झाले पण आकार जवळजवळ तेवढाच राहिला. झिप करून पाहिले, त्यानेही फरक पडला नाही. घरचे इंटरनेट पावसात धड चालत नाही, त्यामुळे सगळा दोष नेटवर्कवर टाकून ती रात्री जागून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली होती.

“सर, कॉलेजचं नेट चांगलं आहे ना? मग इथून जाईल,” ती म्हणाली.

नेट चांगले असणे म्हणजे किती, हे आधी पाहिले. आमच्याकडे अपलोडचा वेग त्या सकाळी साधारण ४ एमबीपीएस मिळत होता आणि विंडोज तिच्या फाइलचा आकार ४.३९ जीबी दाखवत होते. सगळे सुरळीत झाले तरी एवढी फाइल वर जायला अडीच तासांहून अधिक वेळ लागला असता. पण मुळात ती पोर्टलला नकोच होती, आणि ते सिद्ध करायला अडीच तास थांबण्याची गरज नव्हती. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क हा भाग उघडला आणि अपलोड पुन्हा सुरू करायला सांगितले. पानावर नेहमीचाच संदेश आला, पण बाजूच्या यादीत त्या विनंतीपुढे 413 हा आकडा तांबड्या रंगात उमटला. पाठवलेला मजकूर सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठा आहे, असा त्याचा ठरलेला अर्थ. पोर्टल बांधणाऱ्यांनी हे कारण पानावर लिहिण्याची तसदी घेतली असती तर तिच्या कित्येक रात्री वाचल्या असत्या.

आता प्रश्न असा की ४८०पी करूनही आकार का उतरला नाही. याचे उत्तर फाइलमध्येच होते, आणि ते वाचायला एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारे `ffprobe` वापरले :

```
ffprobe -hide_banner viva.mkv
```

आलेल्या मजकुरात कालावधी १ तास ४२ मिनिटे आणि बिटरेट सेकंदाला सुमारे ६,१६० किलोबिट दिसला. त्यातले ६,००० चित्राचे आणि १६० आवाजाचे. बिटरेट म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक सेकंदासाठी किती बिट खर्च करायचे याचा दर, आणि फाइलचा आकार म्हणजे हा दर गुणिले एकूण सेकंद. या गुणाकारात चित्राची लांबीरुंदी कुठेच येत नाही. तिच्या कन्व्हर्टरने रिझोल्यूशन कमी केले, पण बिटरेट ‘मूळ फाइलप्रमाणे’ ठेवला, त्यामुळे कमी ठिपक्यांवर तेवढेच बिट उधळले गेले. झिपचेही तसेच : एच.२६४ पद्धतीने आधीच दाबून बसवलेल्या चित्रात झिपला आणखी दाबण्यासारखे काही उरत नाही. मुळात ६,००० हा दर थेट प्रक्षेपणासाठी योग्य असणारा आणि तोही कायम राखला जाणारा होता, म्हणजे पडद्यावर एकच आलेख दहा मिनिटे स्थिर असला तरी प्रत्येक सेकंदाचा हिशेब पुरा केला जात होता.

मी तिला गणित उलटे करायला सांगितले. ५०० एमबी म्हणजे ४०० कोटी बिट. १ तास ४२ मिनिटे म्हणजे ६,१२० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ६५३ किलोबिट हाती येतात, आणि चित्र व आवाज दोन्ही त्यातच बसवायचे. बोलण्याच्या आवाजाला ६४ किलोबिट पुरतात. चित्राला ५५० दिले तर एकूण ६१४ होतात आणि फाइल ४७० एमबीच्या आसपास राहते. थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडायची, कारण एन्कोडर ठरवलेला आकडा अगदी काटेकोरपणे पाळत नाही आणि फाइलच्या स्वतःच्या नोंदींनाही थोडी जागा लागते.

सहा हजारांवरून साडेपाचशेवर येणे तिला फार धाडसाचे वाटले, आणि तिची भीती निराधार नव्हती. सादरीकरणात चार मिनिटांचे एक चित्रण होते : ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर एक नांगी मोठी असलेले शेकडो खेकडे एकाच वेळी हलत आहेत, आणि त्यावरच परीक्षकांचे अर्धे प्रश्न आधारलेले. तिने तेवढाच तुकडा वेगळा काढून ५५० किलोबिटवर बदलून पाहिला, तर चिखल आणि खेकडे मिळून नुसते हलणारे चौकोन झाले. मात्र ही चाचणी फसवी होती. एकट्या तुकड्याला त्याच्या स्वतःच्या वाट्यापलीकडे काही मिळत नाही. संपूर्ण रेकॉर्डिंगमध्ये मात्र उरलेला बहुतेक वेळ स्थिर स्लाइड आहेत, आणि त्यांना ५५०चा फार थोडा भाग लागतो. ५५० ही सरासरी आहे असे सांगून दोन फेऱ्यांत काम करवले, तर एन्कोडर पहिल्या फेरीत सगळे रेकॉर्डिंग पाहून कुठे किती गरज आहे ते टिपून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत स्लाइडांकडून वाचलेले बिट खेकड्यांवर खर्च करतो.

```
ffmpeg -i viva.mkv -c:v libx264 -b:v 550k -vf "scale=-2:720,fps=15" -pass 1 -an -f null NUL
ffmpeg -i viva.mkv -c:v libx264 -b:v 550k -vf "scale=-2:720,fps=15" -pass 2 -c:a aac -b:a 64k viva_small.mkv
```

उंची ७२० आणि सेकंदाला १५ चौकटी हेही सोबत ठरवले, म्हणजे थोडके बिट अनावश्यक तपशिलावर विखुरले जाणार नाहीत. ४८०वर मात्र जायचे नाही, कारण तिच्या आलेखांच्या अक्षांवरचे आकडे तिथे वाचता येत नव्हते. पहिल्या ओळीतला NUL विंडोजसाठी. लिनक्सवर त्या जागी /dev/null लिहावे लागते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झाले. तिने सर्वांत आधी खेकड्यांचा भाग उघडला आणि मोठ्या नांगीची हालचाल स्पष्ट मोजता येते याची खात्री करून घेतली. चिखलाचा पोत थोडा सपाट झाला होता, पण त्यावर प्रबंध नव्हता.

नव्या फाइलचे नाव तिने सवयीने पुन्हा .mp4 केले आणि अपलोड लावले. पंधरा-सोळा मिनिटांनी पट्टी पूर्ण भरली, आणि पुन्हा तोच `Upload failed`. तिचा चेहरा उतरला. नेटवर्कच्या यादीत मात्र या वेळी 413 नव्हता, 415 होता, म्हणजे आकार चालला आणि प्रकार नाकारला गेला.

“पण सर, व्हीएलसीमध्ये तर छान चालते ही,” ती म्हणाली. चालणारच, कारण व्हीएलसी फाइल उघडताना तिच्या आत काय आहे ते पाहते आणि नावावर विसंबत नाही. पोर्टलची शेवटची तपासणीही तशीच असते. निवडण्याच्या चौकटीने नाव पाहून फाइल आत घेतली, सर्व्हरने मजकूर पाहून परत पाठवली. `ffprobe` ला ही फाइल दाखवल्यावर पहिलीच ओळ अशी आली :

```
Input #0, matroska,webm, from 'viva_small.mp4':
```

नाव .mp4 आणि आत मट्रोस्का, अर्थात एमकेव्ही. चित्र एच.२६४ पद्धतीचे आहे, आवाज एएसी आहे, आणि या दोन्ही गोष्टी एमपी४मध्येही राहू शकतात. फरक आहे तो त्यांना एकत्र बांधणाऱ्या रचनेचा, म्हणजे कंटेनरचा. आंबे तेच, पण बाजारात विशिष्ट पेटीच स्वीकारली जात असेल, तर जुन्या पेटीवर नवे लेबल चिकटवून भागत नाही; आंबे दुसऱ्या पेटीत भरावे लागतात, त्यांचा रस काढावा लागत नाही. चित्र पुन्हा एन्कोड न करता कंटेनर बदलण्याची आज्ञा अशी :

```
ffmpeg -i viva_small.mp4 -c copy -movflags +faststart viva_final.mp4
```

`-c copy` मुळे एकही चौकट बदलत नाही आणि काम काही सेकंदांत संपते. एमपी४मध्ये कोणती चौकट फाइलमध्ये कुठे आहे याची सूची असते, आणि ती सामान्यतः सर्वांत शेवटी लिहिली जाते. `+faststart` ती सूची उचलून सुरुवातीला आणते, त्यामुळे परीक्षा विभागात कोणी ब्राउझरमध्ये रेकॉर्डिंग उघडले तर संपूर्ण फाइल उतरण्याची वाट न पाहता ते सुरू होते.

तिच्या मार्गदर्शक मॅडम एव्हाना चौकशीला आल्या होत्या. त्यांचे म्हणणे रास्त होते, की ओबीएसमध्ये पहिल्यापासूनच एमपी४ निवडले असते तर हा व्याप झाला नसता. पण साध्या एमपी४ची सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच यंत्र बंद पडले तर सूचीच नाही, आणि मग `moov atom not found` म्हणत फाइल उघडायला नकार मिळतो. एमकेव्हीत माहिती चालता चालता तुकड्यातुकड्यांनी लिहिली जाते, त्यामुळे बंद पडण्याच्या क्षणापर्यंतचे सगळे हाती राहते. रंगीत तालमीच्या दिवशी वीज गेली होती आणि बॅटरी खराब असलेला तिचा लॅपटॉप तिथल्या तिथे बंद झाला होता. त्या तालमीचे रेकॉर्डिंग शेवटच्या काही सेकंदांपर्यंत शाबूत असल्याचे तिने मॅडमना तिथेच उघडून दाखवले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात तरी मी एमकेव्हीतच रेकॉर्डिंग करायला सांगतो आणि नंतर कंटेनर बदलून देतो.

`viva_final.mp4` पोर्टलने स्वीकारली आणि पोचपावतीचा क्रमांक पडद्यावर आला. मूळ मोठी फाइल विभागात जपून ठेवायची असे मॅडमनी ठरवले, कारण लहान प्रतीतून गेलेला तपशील पुन्हा मिळवता येत नाही. पेन ड्राइव्हवर ती सुरुवातीला बसेना. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह रिकामा असूनही विंडोज फाइल फार मोठी असल्याचे सांगत होते. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. एक्सफॅट करून घेतल्यावर ती गेली.