तिसरा आउट झाला, तरी धाव मोजली

इथे ओहायोमध्ये उन्हाळा आला की संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. आमच्या ऑफिसच्या टीमचे स्लो-पिच सॉफ्टबॉलचे, म्हणजे चेंडू हळू टाकतात त्या सॉफ्टबॉलचे, सामने त्या उजेडात होतात. मी पहिल्या वर्षी नुसती बघायला जायची, दुसऱ्या वर्षी टीममध्ये घेतलं. गेल्या महिन्यात एका सामन्यात मी अशा प्रकारे आउट झाले की दोन्ही टीम मैदानात गोळा झाल्या आणि दहा मिनिटं वाद चालला. त्या दहा मिनिटांत या खेळाचा जो नियम मला कळला, तो दोन वर्षांत कळला नव्हता. म्हणून तो सगळा प्रसंग सविस्तर लिहिते आहे.

आमची बॅटिंग होती आणि एक जण आउट झाला होता. एका डावात तीन आउट झाले की बाजू बदलते. बॅटर चेंडू मारून रनर होतो आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून फिरत होम प्लेटला, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परत आला की एक धाव. तिसऱ्या बेसवर आमचा एक चपळ गडी उभा होता आणि पहिल्या बेसवर मी. बॅटरने चेंडू उंच मारला, उजवीकडे, खूप खोल. मला वाटलं, हा जमिनीवर पडणार. मी धावत सुटले आणि दुसऱ्या बेसच्या जवळ पोहोचले. तेवढ्यात उजवीकडच्या फील्डरने मागे पळत जाऊन झेल घेतला. दोन आउट झाले. मी वळले आणि पहिल्या बेसकडे परत पळाले, पण आमच्या मैदानावर दोन बेसमधलं अंतर 65 फूट आहे आणि चेंडू माझ्याहून वेगाने आला. पहिल्या बेसच्या खेळाडूने बेसवर पाय ठेवून तो पकडला. मला त्याने हातही लावला नाही. तिसरा आउट, डाव संपला.

दरम्यान तिसऱ्या बेसवरचा आमचा गडी झेल होईपर्यंत बेसवर पाय ठेवून थांबला होता. झेल झाल्याबरोबर तो निघाला आणि मी आउट होण्याआधीच होम प्लेटवर पोहोचला होता. पंचांनी प्लेटकडे बोट दाखवून धाव मोजली.

समोरच्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, धावत आला. इथे पंचांना खेळाडू ‘ब्लू’ म्हणून हाक मारतात, त्यांच्या निळ्या शर्टामुळे. तो म्हणाला, “ब्लू, हा फोर्स आउट आहे! तिला टॅग केलंच नाही, नुसता बेसला पाय लावला. फोर्सवर तिसरा आउट झाला तर धाव मोजत नाहीत.”

त्याच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य बरोबर होतं. पहिलं चुकीचं होतं. सगळा गुंता या दोहोंच्या मधे होता.

आधी फोर्स म्हणजे काय ते बघू. बॅटरने चेंडू मैदानात मारला, तो जमिनीवर पडला, की बॅटर स्वतः रनर होतो आणि पहिल्या बेसवर त्याचा हक्क लागतो. एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. म्हणजे पहिल्या बेसवर जो आधीपासून उभा आहे त्याला जागा सोडावीच लागते. तो दुसऱ्यावर गेला आणि तिथे कुणी असेल तर त्यालाही पुढे सरकावं लागतं. मागून ढकलत गेल्यासारखं. असा ढकलला गेलेला रनर पुढच्या बेसवर पोहोचण्याआधी चेंडू हातात धरलेल्या फील्डरने त्या बेसला पाय लावला, की तो आउट. अंगाला स्पर्श करायची गरज नाही, कारण त्याला जायची जागा एकच आहे. क्रिकेटमधला रनआउट आठवा, तिथेही फलंदाजाच्या अंगाला कुणी हात लावत नाही.

आता समजा दुसऱ्या बेसवर रनर आहे, पहिला बेस रिकामा आहे. बॅटर पहिल्यावर गेला तरी दुसऱ्यावरच्याला कुणी ढकलत नाही. त्याला वाटलं तर तो तिथेच उभा राहील, वाटलं तर तिसऱ्याकडे पळेल, अर्ध्यावरून परतही येईल. तिसऱ्या बेसला नुसता पाय लावून तो आउट होणार नाही. त्याच्या अंगाला चेंडूने, किंवा चेंडू धरलेल्या ग्लव्हने, स्पर्श करावा लागतो. हा टॅग आउट.

म्हणजे प्रश्न ‘बेसला पाय लावला की अंगाला हात लावला’ हा नाही. प्रश्न असा की या रनरला मागून कुणी ढकलत होतं का? आणि ढकलणाराच आउट झाला तर ढकलणं संपतं. हे नवीन खेळणाऱ्यांना सगळ्यात उशिरा कळतं. पहिल्या बेसवर रनर असताना चेंडू सरपटत पहिल्या बेसच्या खेळाडूकडे गेला, त्याने आधी स्वतःच्या बेसवर पाय ठेवला आणि मग दुसऱ्याकडे फेकला, तर बॅटर आधीच आउट झालेला असतो. दुसऱ्याकडे पळणाऱ्यावर आता फोर्स उरलेला नाही. तिथल्या खेळाडूने नुसता पाय ठेवला तर रनर सुरक्षित. म्हणून अशा वेळी बाकीचे खेळाडू जिवाच्या आकांताने “टॅग! टॅग!” ओरडतात.

आता झेलाकडे. क्रिकेटमध्ये झेल घेतला की चेंडू मृत, पुढे धाव काढायचा प्रश्नच नाही. इथे चेंडू जिवंत राहतो आणि रनर पळू शकतात. अट एकच: झेल घेणाऱ्याच्या हाताला किंवा ग्लव्हला चेंडू लागेपर्यंत रनरचा पाय त्याच्या मूळ बेसवर हवा, किंवा आधी सुटला असेल तर त्याने परत येऊन बेसला पाय लावायला हवा. याला टॅग अप म्हणतात. बारीक पण महत्त्वाची गोष्ट अशी की चेंडू पूर्ण पकडला जाईपर्यंत थांबायचं नसतं, पहिल्या स्पर्शालाच निघता येतं. नाहीतर फील्डर मुद्दाम चेंडू हातात झुलवत पुढे पळत आला असता आणि रनर खिळून राहिले असते. बेसच्या मागे चार पावलं जाऊन तिथून वेग घेत येणंही चालत नाही. तिसऱ्यावरच्या आमच्या गड्याने हे सगळं नीट केलं होतं.

मी केलं नव्हतं. मी लवकर निघाले, म्हणजे पहिल्या बेसला परत पाय लावणं माझ्यावर बाकी होतं. ते मी करण्याआधी फील्डरने मला टॅग केलं किंवा मी जो बेस सोडला त्यालाच पाय लावला, तरी मी आउट. नियमात हा अपील करून मिळवायचा आउट आहे, आणि त्यात बेसला पाय लावणं पुरतं. ते दिसायला अगदी फोर्ससारखं दिसतं, आणि पिचरची गल्लत तिथेच झाली.

पंच शांतपणे म्हणाले, “झेल झाला, बॅटर आउट. मग हिला पुढे ढकलणारं कोण उरलं? कुणीच नाही. ही परत येत होती, आणि परत येण्यावर फोर्स नसतो.”

फोर्स नाही, म्हणून धावेचा हिशेब वेळेवर होतो. तिसरा आउट फोर्सने झाला, किंवा बॅटर पहिल्या बेसला पोहोचण्याआधी आउट होऊन झाला, तर त्या चेंडूवर कुणी आधीच होम प्लेटला पाय लावलेला असला तरी धाव धरत नाहीत. पण तिसरा आउट टॅगने किंवा माझ्यासारखा टॅग अप न केल्यामुळे झाला, तर बघायचं एवढंच की आधी काय झालं. आमचा गडी प्लेटवर पोहोचला तेव्हा पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू अजून हवेत होता. धाव वैध.

हाच चेंडू झेल न होता सरपटत गेला असता तर? तिसऱ्यावरचा तसाच पळाला असता, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्यावर फेकला असता, मी फोर्सने आउट, तिथून पहिल्यावर, बॅटर आउट. आमचा गडी कितीही आधी पोहोचला असता तरी धाव शून्य. बेस तेच, रनर तेच, आउटही दोनच मिळाले असते, पण हिशेब उलटा.

म्हणूनच झेलानंतर तिसऱ्यावरच्या रनरने शेवटपर्यंत जीव तोडून पळायचं असतं. होम प्लेटकडे कुणी चेंडू फेकत नाहीये हे दिसलं की रमतगमत जाण्याचा मोह होतो. इकडे मागच्या रनरला अर्ध्या सेकंदात आउट करतात आणि धाव जाते.

हा गोंधळ फक्त आमच्यासारख्या हौशी टीमांत होतो असं मला वाटत होतं. एका सहकाऱ्याने 2009 च्या एप्रिलमधला व्यावसायिक बेसबॉलच्या मेजर लीगचा सामना सांगितला, लॉस एंजेलिस डॉजर्स आणि ॲरिझोना डायमंडबॅक्सचा. एक आउट, डॉजर्सचे आंद्रे इथियर तिसऱ्यावर आणि हुआन पिएर दुसऱ्यावर. रँडी वुल्फने चेंडू सरळ पिचर डॅन हॅरनकडे मारला. दोन्ही रनर आधीच सुटले होते. हॅरनने झेल घेतला आणि दुसऱ्या बेसकडे फेकला. तिथे फेलिपे लोपेझने बेसला पाय लावण्याऐवजी पिएरला टॅग केलं. त्यात जो क्षण गेला, तेवढ्यात इथियर होम प्लेट ओलांडून गेला होता. डायमंडबॅक्सचे खेळाडू तीन आउट झाले म्हणून मैदानाबाहेर निघाले.

इथियरनेही टॅग अप केलं नव्हतं, पण पंच स्वतःहून हे बोलत नाहीत, अपील फील्डिंग करणाऱ्यांनी करायचं असतं. तिसऱ्या बेसवर चेंडू नेऊन अपील केलं असतं, तर तो चौथा आउट म्हणून मोजला गेला असता आणि धाव रद्द झाली असती. तीन आउट झाल्यावरही चौथा मागता येतो. मात्र पिचर आणि इनफिल्डचे, म्हणजे बेसजवळचे, खेळाडू मैदान सोडून गेले की ती संधी जाते. डायमंडबॅक्स निघून गेले होते. डॉजर्सच्या डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेला टीम बसते तिथून, पंचांना नियम दाखवून दिला गेला आणि धाव मिळाली.

त्या संध्याकाळी सामना संपल्यावर समोरचा पिचर माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दहा वर्षं खेळतोय, आणि तो फोर्सच आहे असं समजत होतो.” आम्ही पहिल्या बेसपाशी उभे राहून तो खेळ पुन्हा केला, मी माझ्या जागी, तो फील्डरच्या जागी.

आता पहिल्या बेसवर असताना चेंडू उंच उडाला की मी अर्ध्यापर्यंतच जाते आणि उभी राहून बघते. पडला तर पुढे पळायला वेळ असतो, झेलला तर मागे यायला. चेंडू खूप खोल गेला तर आणखी थोडी पुढे, जवळ पडणारा असेल तर बेसजवळच. गेल्या मंगळवारी तसाच एक चेंडू उजवीकडे उडाला. मी अर्ध्यावर थांबले, झेल झाला, मी परत आले. पहिल्या बेसच्या खेळाडूला चेंडू मिळाला तेव्हा माझा पाय बेसवर होता.