कळतंय ना मला काय म्हणायचंय?

पंचवटीतल्या आत्याचा मेसेज सकाळी साडेसातला आला. ‘रविवारी सगळे जमतोय. तू ये, पण मागच्या वेळेसारखं नको. कळतंय ना मला काय म्हणायचंय?’

अंगठा आपोआप ‘हो हो’कडे निघाला होता. आवरला, कारण मागच्या वेळी याच ‘हो हो’ने घात केला होता. तेव्हा तिचा निरोप होता, ‘मुलाकडचे येताहेत, जरा बेताने घे.’ मी बेत लावला खाण्याला. पाव किलोच पेढे नेले आणि पाहुण्यांना आमच्या घराण्यातल्या दोन मोडलेल्या सोयरिकी तासभर रंगवून सांगितल्या. बेत जिभेचा होता, हे स्वयंपाकघरात शिरल्यावर कळलं.

सगळी गोम त्या ‘ना’त आहे. नुसतं ‘कळतंय का?’ असतं तर ‘नाही’ म्हणायला जागा होती. ‘ना’ लावला की होकार आधीच गृहीत, आणि ‘नाही’ म्हणणारा एकतर मठ्ठ, नाहीतर परका. आत्याला परकं कोण होणार? म्हणून आपण होकाराचा अंगठा पाठवून मोकळे होतो. त्या अंगठ्यानंतर ती बिचारी निर्धास्त होते, पुढे काही सांगत नाही. खरं नुकसान तिथे आहे.

नुसतं ‘म्हणजे?’ विचारलं तरी भागत नाही. तिला कळतच नाही की नक्की कुठे अडलं; मग ती तेच वाक्य पुन्हा पाठवते, फार तर दोन उद्गारचिन्हं जास्त. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या अभ्यासकांनी १९७७ साली बोलण्यातल्या अशा अडखळण्यांवर लेख लिहिला होता. त्यांचं निरीक्षण असं की चूक ऐकणाऱ्याने सुधारण्यापेक्षा बोलणाऱ्याने स्वतःच सुधारण्याकडे माणसांचा कल असतो. ऐकणाऱ्याने कुठे अडलं तेवढं दाखवलं तरी पुष्कळ. म्हणून मी जे कळलं ते आधी लिहिलं, अडलेल्या शब्दांवर बोट ठेवलं आणि सोबत माझा अंदाजही दिला:

‘रविवारी येतो, पक्कं. पण “मागच्या वेळेसारखं” म्हणजे पेढे की माझी बडबड? ते नाही कळलं.’

अंदाज देताना एक जपावं लागतं. तो स्वतःच्या चुकांपुरता ठेवावा. ‘काकांबद्दल म्हणतेस का?’ असं लिहिलं असतं तर नसलेला विषय मीच उकरला असता. किंवा असलेला, तोही लेखी.

उत्तर आलं, ‘दोन्ही नाही.’ आणि लगेच फोन.

“अरे, मेसेज हेही वाचतात, लिहू कसं? आत्ता गंगेवर गेलेत म्हणून बोलतेय. मागच्या वेळी निघताना तू त्यांच्या हातात पैसे ठेवलेस ना, ते नको. दोन दिवस जेवले नाहीत नीट.”

मी गप्प. माझ्या यादीत हे नव्हतंच.

“आणि पेढे अर्धा किलो तरी आण,” ती म्हणाली.