आमची वाटचाल: पॅकअपनंतरची दहा मिनिटं

आमची निर्मिती संस्था सुरू झाली ती दोन माणसांवर आणि भाड्याने आणलेल्या एका कॅमेऱ्यावर. पहिल्या लघुपटाचं पॅकअप झालं तेव्हा मी उभी राहिले, ‘तुम्हा सगळ्यांशिवाय हे शक्यच नव्हतं’ असं म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या. पुढे श्रेयनामावलीत बूम धरणाऱ्या मुलीचं नाव राहून गेलं. लक्षात आलं तोवर प्रत महोत्सवात पोचली होती. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, पण पुन्हा आमच्याकडे कामाला आली नाही. पैसे न घेता राबणाऱ्या माणसाला आपण देऊ शकतो अशा गोष्टी मोजक्याच असतात, आणि त्यातली पहिली मीच हरवली होती.

म्हणून यंदाच्या, आमच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला मी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. १८ दिवस, २३ माणसं, सगळी स्वेच्छेने आलेली. रोज रात्री दुसऱ्या दिवशीची कॉलशीट पाठवून झाली की त्या दिवशी कोणी काय सांभाळलं ते दोन ओळींत लिहायचं. कोण चांगलं आहे ते लिहायचं नाही, काय केलं तेवढंच. समारोपाचं भाषण या वहीतूनच तयार झालं.

भाषण पार्टीच्या सुरुवातीलाच केलं. उशीर झाला की ज्यांना लांब जायचं असतं ते आधी निघतात, आणि बहुधा सर्वांत पहाटे उठलेली माणसं तीच असतात. जी चौघं येऊ शकली नव्हती त्यांची नावं सगळ्यात आधी घेतली.

मग डेटा सांभाळणाऱ्या मुलाकडे वळले. सेटवर त्याचं काम कुणाला दिसतच नाही. सगळे झोपायला गेले की तो कार्डावरचं चित्रीकरण दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवतो, फाइलमधल्या डेटावरून निघणारा आकडा, म्हणजे चेकसम, मूळ आणि प्रतीत जुळवून पाहतो, आणि दोन्ही प्रती जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही. मी म्हणाले, “नवव्या रात्री एका क्लिपचा चेकसम जुळला नाही. फाइलचा आकार बरोबर होता, ती उघडतही होती. झोपेला आलेल्या माणसाने तेवढ्यावर कार्ड पुसलं असतं. याने केबल बदलली, सगळं पुन्हा उतरवलं, आणि प्रती जुळल्या तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते. ती क्लिप म्हणजे आपल्या चित्रपटातल्या आजींचा सलग सहा मिनिटांचा शॉट. तो पुन्हा घेणं आपल्याला जमलंच नसतं.” खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. आजींनी हात पुढे करून त्याला जवळ बोलावलं.

ध्वनिमुद्रकाबद्दल सांगताना फ्रिजची आठवण निघाली. घुरघुर आवाजात येऊ नये म्हणून ते चित्रीकरणाच्या घरातला फ्रिज बंद करायचे आणि स्वतःच्या गाडीची किल्ली त्यात ठेवायचे, म्हणजे फ्रिज सुरू केल्याशिवाय घरी जाणंच शक्य नाही. प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी ते सगळ्यांना एक मिनिट स्तब्ध उभं करून रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, मुद्रित करून घेत. दमलेल्या लोकांना ते मिनिट फार जड जाई. “पण संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानेच सांधली जाणार आहे, आणि त्या शांततेत तुम्ही सगळे उभे आहात,” असं मी म्हणाले. ते मला मनापासून वाटतं.

प्रत्येकाला अर्धं मिनिटही मिळालं नाही, पण प्रत्येकाच्या वाट्याला एक घटना आली. कंटिन्युइटी पाहणाऱ्या ताईंनी बाहीची घडी पकडली तो दिवस, प्रकाशयोजनेच्या दादांनी पाऊस यायच्या आत स्टँड आत घेतले ती दुपार.

शेवटचा भाग मी कागदावरून वाचला. समारोपाच्या रात्री मन भरून आलेलं असतं आणि ‘नफा झाला की वाटून घेऊ’, ‘पुढच्या वेळी सगळ्यांना मानधन’ असं तोंडून जातं. ऐकणारा ते लक्षात ठेवतो, आणि ठेवायलाच हवं. म्हणून सुरुवातीला प्रत्येकाला जे पत्र दिलं होतं त्यात होतं तेवढंच बोलले: प्रवासखर्चाची उरलेली बिलं पंधरा दिवसांत चुकती होतील; पडद्यावर नाव असेल; पहिल्या प्रदर्शनानंतर आपापल्या कामाचे तुकडे शोरीलसाठी मिळतील. मानधन देऊ शकलो नाही हेही स्पष्ट सांगितलं. संकलनाला किती महिने लागतील ते ठरलेलं नव्हतं, म्हणून तारीख दिली नाही. दर महिन्याला काम कुठवर आलं ते कळवीन, एवढं कबूल केलं.

दाराशेजारी श्रेयनामावलीचा मसुदा मोठ्या अक्षरांत लावला होता आणि शेजारी दोरीला पेन बांधलं होतं. निघताना प्रत्येकाने आपलं नाव आणि काम तपासून समोर सही करायची होती. अकरा दुरुस्त्या निघाल्या. कुणाच्या आडनावातली वेलांटी चुकली होती, कुणाला आईचं नावही हवं होतं. डेटावाल्या मुलाच्या नावापुढे आम्ही ‘साहाय्यक’ लिहिलं होतं. ते ध्वनिमुद्रकांनीच खोडलं आणि त्याच्या हातात पेन देऊन म्हणाले, “तू काय केलंस ते लिही.” त्याने ‘डेटा व्यवस्थापन’ असं लिहिलं आणि सही केली.