मनालीतला तंदूर आणि छतातला जळका वास

मनालीत तंदूर म्हणजे रोटीचा नाही, खोली गरम करायची लोखंडी पत्र्याची शेगडी, लाकडं आत टाकायची आणि धूर पाइपमधून छताबाहेर. तिथल्या एका होमस्टेचं बाथरूमचं काम माझ्याकडे होतं, नोव्हेंबर होता, तंदूरशी माझा काही संबंध नव्हता. पण सकाळी वरच्या खोलीतले पाहुणे म्हणाले की रात्रभर टोस्ट करपल्यासारखा वास येत होता. तंदूर पेटलेलाच होता, खाली स्वयंपाकघरात काही करपलं नव्हतं, म्हणून मी स्टूलावर चढून पाइपशेजारच्या प्लायच्या सीलिंगला हात लावला, तर चटकाच बसला.

मालक म्हणाला, घाबरू नका, मी स्वतः रॉकवूल भरून घेतलंय, ते जळतच नाही, तीन हिवाळे झाले काही झालं नाही. आता रॉकवूल जळत नाही हे खरंच आहे हो, पण त्याच्या पलीकडचं देवदाराचं लाकूड जळतं ना.

आधी निखारे फावड्याने लोखंडी बादलीत काढून बाहेर नेले. तापलेल्या तंदूरमध्ये पाणी ओतायचं नाही, वाफेचा भपकारा अंगावर येतो आणि पत्रा वाकतो तो वेगळाच. मग पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवूनच प्लाय काढला, कारण आत धुमसत असेल तर हवा मिळाल्या मिळाल्या पेट घेऊ शकतं. आणि तसंच होतं, रॉकवूल ओढल्यावर फळीच्या कडेला हरभऱ्याएवढा लाल ठिपका दिसला आणि हवा लागताच मोठा व्हायला लागला. मग्याने पाणी मारत राहिलो, विझला. फळीची कड कोळसा झालेली, तिच्यापुढे कॉफीसारखा रंग, मग बिस्किटासारखा, आणि चार बोटं पुढे गेल्यावर मूळचं पिवळसर लाकूड. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर भाजलेल्या पापडासारखी कड तुटली.

झालं असं होतं की ४ इंची साध्या पाइपभोवती इंचभर रॉकवूल गुंडाळून तो गुंडाळा छताच्या ६ इंची भोकात ठासून बसवलेला. रॉकवूलसारखं इन्सुलेशन उष्णता पूर्ण थांबवत नाही, फक्त हळू आणि कमी जाऊ देतं. तंदूर आठ-आठ तास चालला की उष्णता पलीकडे पोचतेच, आणि लाकूड तिथे चिकटून असलं की तिला निघून जायला जागा नाही. असं महिनोन्महिने शेकलेलं लाकूड आतून हळूहळू कोळशासारखं होत जातं आणि मग नव्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेटतं. म्हणजे तीन हिवाळे काही झालं नाही हा पुरावा नव्हता, ती तयारी चालली होती.

अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या चिमण्यांच्या सुरक्षा-नियमावलीत साध्या एकेरी पाइपपासून लाकूड १८ इंच लांब ठेवायला सांगितलंय. ४ इंची पाइपला दोन्ही बाजूंनी १८ धरले तर छताला ४० इंचाचं भोक पाडावं लागेल, म्हणजे खिडकीच झाली की! म्हणूनच तिथे एकेरी पाइप छतातून नेऊच देत नाहीत, दुहेरी भिंतीचा, मध्ये इन्सुलेशन भरलेला, टेस्ट झालेला पाइप लावतात, आणि त्यालाही बहुतेक वेळा २ इंच मोकळी हवा लागते. ती मोकळीच ठेवायची, कारण पाइपच्या अंगावरची उरलेली उष्णता त्या हवेबरोबर निघून जाते.

तसा तयार पाइप कुल्लूत लगेच मिळाला नाही, म्हणून फॅब्रिकेटरकडून स्टेनलेसचा करून घेतला, आत ४ इंच, मध्ये इंचभर सिरॅमिक वूल, बाहेरून ६. पण हा काही टेस्ट झालेला नाही, मग त्याला २ इंच कसे चालतील? मी चारी बाजूंनी ४ धरले, भोक १४ इंचाचं. जळकी फळी पूर्ण कापून टाकली, पाइप मध्यभागी राहावा म्हणून पत्र्याचे ब्रॅकेट दिले, खाली सीलिंगला पत्र्याची प्लेट, वर फ्लॅशिंग आणि त्याच्यावर पाइपला कॉलर, पाणी आत येऊ नये पण हवा जावी अशी. आतली नळी वर घट्ट बांधली नाही, तापल्यावर ती लांब होते. हा जुगाडच, टेस्टेड पाइप मिळाला की बदला, असं मालकाला स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी तीन तास तंदूर पेटवून बसलो, दर अर्ध्या तासाला फळीच्या कडेला हात. शेवटपर्यंत कोमटच. मालक खूश, पण म्हणाला, भाईसाहब, या फटीतून गार वारा येतो, उरलेलं वूल इथे भरून टाकू का?

उरलेल्या वूलची गोणी मी निघताना गाडीत टाकून घेऊन आलो.