संमतीपत्राचा अरबी अनुवाद : माझा अनुभव

मी पुण्यात अरबी भाषेचा अनुवादक म्हणून काम करतो. ओमान, येमेन, इराक येथून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांची कागदपत्रे माझ्याकडे नेहमी येतात. गेल्या वर्षी ओमानहून आलेल्या एका वृद्ध महिलेच्या अँजिओग्राफीचे संमतीपत्र तिच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून पाठवले. पत्र इंग्रजीत होते आणि आईला फक्त अरबी वाचता येत होते.

फोटोत कागदाची घडी नेमकी धोक्यांच्या परिच्छेदावरून गेली होती. मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांची शक्यता सांगणाऱ्या ओळीत ‘1’ स्पष्ट दिसत होता, पण पुढचा आकडा 100 आहे की 1000, हे घडीच्या सावलीत कळत नव्हते. संदर्भावरून 1000 असावा असे वाटत होते, तरीही दहापटींचा फरक असलेली गोष्ट अंदाजाने लिहिणे मला मान्य नव्हते. तेवढ्या जागी मी चौकटी कंसात ‘वाचता येत नाही’ असे अरबीत लिहून ठेवले आणि मुलाला कागद टेबलावर सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात अगदी वरून पुन्हा फोटो काढायला सांगितले. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जाऊन बारीक अक्षरे पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची विनंतीही केली. नव्या फोटोत 1000 स्पष्ट दिसले.

हा आकडा अनुवादात उतरवतानाही सावध राहावे लागते. ओमानमधील जुन्या पिढीच्या सवयीच्या अरबी अंकांत पाच हा वर्तुळासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. शिवाय उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत ‘1-2%’ असे लिहिले, तर संगणक कधी कधी आकड्यांची अदलाबदल करतो. म्हणून मी प्रमाण टक्क्यांत बदलले नाही. ‘दर हजार रुग्णांमागे एक’ असे अक्षरी लिहून शेजारी अंक दिला.

सर्वाधिक वेळ मी आजारांच्या नावांवर घालवला. बोलीभाषेत ‘जल्ता’ हा एकच शब्द रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात या तिन्हींसाठी सर्रास वापरला जातो. तो सोपा वाटतो, पण मूळ पत्रात हे तीन धोके स्वतंत्रपणे सांगितले होते आणि एकाच शब्दात ते मिसळले असते, तर तिघांपैकी कोणत्या धोक्याला आपण संमती देत आहोत हे त्या आजींना कळले नसते. मी प्रत्येकासाठी वैद्यकीय शब्द वापरला आणि पुढे अर्ध्या ओळीत साधा अर्थ दिला, उदाहरणार्थ ‘मेंदूचा रक्तपुरवठा अचानक थांबणे’. क्रियापदांचेही तसेच आहे : ‘क़द’ हा शब्द वर्तमानकाळी क्रियापदापूर्वी आला तर ‘होऊ शकते’ असा अर्थ होतो, भूतकाळी क्रियापदापूर्वी आला तर ‘झाले आहे’ असा. धोक्यांची सर्व वाक्ये मी या दृष्टीने पुन्हा तपासली.

हक्कांच्या भागात एक कलम असे होते, की गरज भासल्यास त्याच वेळी अँजिओप्लास्टी करण्यास रुग्णाची संमती आहे. त्यापुढे खुणेसाठी चौकट होती आणि तिच्यावर रुग्णालयाच्या शिक्क्याची शाई पसरली होती. खूण केलेली आहे की नाही हे ओळखता येईना. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले आहे, की तपासणीसाठी दिलेली संमती पुढील उपचारांना लागू होत नाही. जीव धोक्यात असेल आणि थांबणे शक्य नसेल, तेव्हाच अपवाद. त्यामुळे अनुवादात मी चौकट कोरीच ठेवली आणि ‘मूळ पत्रातील खूण स्पष्ट नाही, डॉक्टरांना विचारावे’ अशी टीप त्याच ओळीखाली दिली. संमती नाकारण्याचा आणि दिलेली संमती प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी मागे घेण्याचा हक्क मूळ पत्रात एका लांब वाक्याच्या शेवटी आला होता. मी तो आशय न बदलता दोन स्वतंत्र वाक्यांत मांडला. कलमांचे क्रमांक मात्र मूळचेच ठेवले, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोन भाषांत एकाच ओळीवर बोट ठेवू शकतात.

मूळ पत्र न पाहिलेल्या एका सहकाऱ्याने माझा मजकूर परत इंग्रजीत आणला आणि आम्ही दोन्ही शेजारी ठेवून धोक्यांची व हक्कांची वाक्ये ताडून पाहिली.

आजींनी अनुवाद वाचून पहिला प्रश्न विचारला तो अँजिओग्राफीसाठी टोचल्या जाणाऱ्या द्रवाबद्दल : त्यांना मधुमेह होता आणि मूत्रपिंडावरील परिणामाचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले होते. डॉक्टरांनी त्यांचा क्रिएटिनिनचा अहवाल पाहून मूळ पत्राच्या मोकळ्या जागेत दोन ओळी लिहिल्या, चौकटीचा अर्थ समजावून सांगितला आणि त्यानंतर आजींनी स्वतः तिथे खूण केली. त्या दोन ओळींचा अनुवादही मी त्याच संध्याकाळी तारीख घालून जोडला.